चित्राखालचं साल कोण वाचतं? इतिहासाचा विचार तपासणारा प्रश्न कसा बनतो

अमेरिकेतल्या शाळांसाठी तयार केलेला इतिहासाचा एक प्रश्न अर्ध्या पानात मावतो. वर एक रंगीत चित्र आहे. काळ्या कपड्यांतले गोरे वसाहतकरी उभे आहेत, एक बाई तबकातून खायला देते आहे आणि डोक्याला पिसं लावलेले तिथले मूळ रहिवासी जमिनीवर बसून ते घेत आहेत. चित्राचं नाव ‘पहिला थँक्सगिव्हिंग, १६२१’. थँक्सगिव्हिंग म्हणजे अमेरिकेतला आभार मानण्याचा सण. त्याखाली बारीक अक्षरात चित्रकाराचं नाव, जे. एल. जी. फेरिस, आणि साल, १९३२. मग एक विधान येतं: १६२१ साली वांपानोआग लोक, म्हणजे हे मूळ रहिवासी, आणि वसाहतकरी यांचे संबंध कसे होते, हे समजायला या चित्राची इतिहासकारांना मदत होते. तुम्ही सहमत आहात की असहमत? थोडक्यात कारण लिहा.

या वसाहतकऱ्यांची प्लिमथची वसाहत कोणत्या साली झाली, वांपानोआगांच्या प्रमुखाचं नाव काय, हे काहीच विचारलेलं नाही. उत्तराला लागणारी सगळी माहिती त्याच कागदावर आहे. तरीही बहुतेक मुलं चुकतात. विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला तेव्हा त्यांच्यातलेही बहुतेक चुकले.

ते काय लिहितात? ‘सहमत. दोन्ही बाजू एकत्र जेवताना दिसतात, म्हणजे त्यांचे संबंध चांगले होते.’ किंवा उलट: ‘असहमत. गोरे उभे आहेत आणि मूळ रहिवासी खाली बसले आहेत, म्हणजे त्यांना कमी लेखलं जात होतं.’ दोन्ही उत्तरं चित्र बारकाईनं पाहून लिहिली आहेत. पण दोन्हींनी चित्राला खिडकी समजलं आहे, जणू तिच्यातून थेट १६२१ दिसतं. छापलेल्या सालानुसार चित्र आणि प्रसंग यांच्यात ३११ वर्षं आहेत, ही गोष्ट चित्राच्या आत कुठेच नाही. ती चित्राखालच्या ओळीत आहे, आणि त्या ओळीकडे नजर गेलेली नाही.

हा प्रश्न स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या इतिहास-शिक्षणाच्या गटानं तयार केला. सॅम वाइनबर्ग त्याचे संस्थापक. २०१२ साली या गटानं अशा छोट्या प्रश्नांचा संच सगळ्यांसाठी मोफत खुला केला. साधनं मुख्यतः लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातली होती. संचाच्या इंग्रजी नावाचा अर्थ साधारण ‘गोल रंगवण्यापलीकडे’ असा होतो. चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा, या परीक्षापद्धतीवर त्याचा रोख आहे.

या प्रश्नांमागचा विचार वाइनबर्ग यांच्या १९९१ सालच्या एका अभ्यासातून आला. त्यांनी ८ इतिहासकार आणि शाळेतले ८ हुशार विद्यार्थी घेतले. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीच्या, १७७५ च्या लेक्सिंग्टनच्या चकमकीविषयीचे कागद त्यांना दिले आणि वाचताना मनात जे येईल ते मोठ्यानं बोलायला सांगितलं. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत धड्यासारखं वाचत गेले. इतिहासकारांची नजर आधी कागदाच्या तळाशी गेली: हे कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी? त्यांच्यातले काही अमेरिकेच्या इतिहासाचे अभ्यासक नव्हतेच. नावं आणि घटनांच्या चाचणीत काही विद्यार्थी त्यांच्यापेक्षा पुढे होते. म्हणजे नुसती पाठांतराची परीक्षा घेतली असती तर या काहींच्या बाबतीत क्रम उलटा लागला असता.

तीन पायऱ्यांची गुणदान-पट्टी

थँक्सगिव्हिंगच्या प्रश्नाचं गुणदान तीन पायऱ्यांचं आहे. सर्वात खालच्या पायरीवर वर दिलेल्यासारखी उत्तरं येतात. चित्रात काय आहे एवढंच पाहिलं, ते कधीचं आहे हे पाहिलंच नाही. मधल्या पायरीवर सालाचा उल्लेख येतो, पण त्यानं फरक काय पडतो हे नीट सांगता येत नाही. ‘असहमत, कारण चित्र १९३२ चं आहे.’ एवढंच. वरच्या पायरीवर तो दुवा जोडलेला असतो: ‘चित्र प्रसंगानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी काढलं आहे. चित्रकारानं तो प्रसंग पाहिला नव्हता. त्याच्या काळातल्या लोकांना त्या सणाविषयी काय वाटत होतं ते चित्रात उतरलेलं असू शकतं, त्यामुळे १६२१ च्या संबंधांविषयी ते फारसं काही सांगत नाही.’

मधली पायरी आणि वरची पायरी यांत फरक एका ‘त्यामुळे’चा आहे, आणि सगळी परीक्षा त्या एका शब्दावर उभी आहे. साल दिसणं ही नजरेची गोष्ट झाली. सालाचा पुराव्यावर काय परिणाम होतो हे सांगणं म्हणजे इतिहासाचा विचार. पर्यायी प्रश्नात हा ‘त्यामुळे’ पकडता येत नाही. ‘हे चित्र कमी उपयोगी का?’ असं विचारून चार पर्याय दिले, की ‘ते ३११ वर्षांनी काढलं आहे’ हा पर्याय मुलाला आयता मिळतो. जी गोष्ट त्यानं स्वतः शोधायला हवी होती ती आपणच त्याच्या हातात ठेवतो. म्हणून उत्तर मोकळं, मुलाच्या शब्दांत हवं. पण लांब असण्याची गरज नाही, चार-पाच ओळी पुरतात.

या चित्राविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती प्रश्न बनवणाऱ्यांसाठी मोलाची आहे. फेरिस १९३० साली वारला. १९३२ हे छापील प्रतीचं साल आहे. मूळ चित्र त्यानं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रंगवलं होतं. अंतर तरीही तीनशे वर्षांच्या आसपासच राहतं, त्यामुळे प्रश्न मोडत नाही. पण साधनाखाली जी ओळ आपण छापतो ती संग्रहातल्या नोंदीवरून जशीच्या तशी उचलली, की ‘काढलं कधी’ आणि ‘छापलं कधी’ यांची गल्लत होऊ शकते. ज्या प्रश्नात सगळा भार सालावर आहे तिथे ही दोन सालं वेगळी लिहायलाच हवीत.

प्रश्नाची दुसरी बाजू पुष्कळ वेळा निसटते. हे चित्र ‘खोटं’ किंवा ‘निरुपयोगी’ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची गोष्ट कशी सांगितली जात होती, असा प्रश्न असेल तर हेच चित्र उत्तम पुरावा आहे. आणि १६२१ विषयीच विचारायचं असेल, तर वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोचं त्याच वर्षीच्या डिसेंबरातलं पत्र आहे. त्यात वांपानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसं घेऊन आला, तीन दिवस मेजवानी चालली आणि पाहुण्यांनी पाच हरणं मारून आणली, असं लिहिलं आहे. साधन चांगलं की वाईट हे साधनावर ठरत नाही, त्याला आपण काय विचारतो यावर ठरतं. मुलाला हे कळलं आहे का, ते तपासणारा प्रश्न तयार करणं मात्र अवघड असतं. त्याचं एक उदाहरण आपल्याकडच्या साधनांवर करून पाहू.

रायगडावरचा प्रश्न

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, ६ जून १६७४. त्याविषयी दोन साधनं शाळेत सहज वापरता येतील.

पहिलं, हेन्री ऑक्झिंडेनचा वृत्तांत. हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील, म्हणजे राजदूत. व्यापाराचा करार आणि राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई यासाठी तो रायगडावर आला होता. राज्याभिषेकाच्या दिवशी तो स्वतः दरबारात होता. सिंहासनाच्या उजव्या हाताला मोठ्या दातांची दोन सोन्याची मत्स्यमुखं, डाव्या हाताला घोड्यांची शेपटं आणि भाल्याच्या टोकाला समतोल असलेला सोन्याचा तराजू, असं त्यानं नोंदवलं आहे. तराजू हे न्यायाचं चिन्ह, असंही तो लिहितो.

दुसरं, कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. सभासद महाराजांच्या दरबारातला माणूस. बखर लिहिली ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीला, सुमारे १६९४ साली, म्हणजे प्रसंगानंतर वीस वर्षांनी. त्या वेळी जिंजीला मोगलांचा वेढा होता. सभासद लिहितो की सिंहासन बत्तीस मण सोन्याचं होतं. आणि त्याचं ते प्रसिद्ध वाक्य: ‘मराठा पातशहा येवढा छत्रपती जाला, ही गोष्ट काही सामान्य जाली नाही.’

आता शिक्षकाच्या मनात पहिला प्रश्न असा येतो: ‘यातलं कोणतं साधन अधिक विश्वसनीय?’ हा प्रश्न टाकून द्यावा. त्याचं उत्तर मुलं ठरावीक साच्यात देतात: एक परका आहे म्हणून पक्षपाती, दुसरा दरबारी आहे म्हणून पक्षपाती, एक समकालीन, एक नंतरचा. चारही मुद्दे बरोबर, पण कशासाठी विश्वसनीय हे विचारलंच नाही, म्हणून त्या मुद्द्यांना वजन नाही.

त्याऐवजी साधनं तीच ठेवून दोन वेगळी विधानं द्यावीत.

विधान अ: सिंहासनाला किती सोनं लागलं हे नक्की ठरवायला सभासदाची बखर पुरेशी आहे.

विधान आ: सभासदाची बखर प्रसंगानंतर वीस वर्षांनी लिहिली, म्हणून राज्याभिषेकाचा अर्थ मराठी राज्यातल्या लोकांना कसा वाटत होता हे समजायला ती कामाची नाही.

प्रत्येकाखाली: सहमत की असहमत? साधनाखालच्या माहितीचा आधार घेऊन चार ते सहा ओळींत कारण लिहा.

विधान अ साठी वरच्या पायरीचं उत्तर साधारण असं असेल: ‘असहमत. सभासदानं हा आकडा वीस वर्षांनी लिहिला आणि तोही राजाराम महाराजांसाठी, वेढ्यात असताना. महाराजांचं वैभव मोठं दाखवावं असं त्याला वाटणं साहजिक आहे. त्यामुळे एवढ्या एका आकड्यावर विसंबता येणार नाही. त्या वेळचा जमाखर्चाचा कागद मिळाला तर ताडून पाहता येईल.’ यात वीस वर्षं, लिहिण्याचा हेतू आणि आणखी कोणता कागद लागेल, हे तीन धागे आहेत. तिन्ही मागू नयेत. यातला एक धागा ‘त्यामुळे’सकट नीट जोडला की पूर्ण गुण द्यावेत. जास्त मागितलं की मुलं मुद्दे मोजायला लागतात आणि विचार तुटतो.

विधान आ ही खरी चाळणी आहे. ज्या मुलानं ‘नंतरचं साधन म्हणजे वाईट’ हे सूत्र पाठ केलं आहे तो अ मध्ये पास होतो आणि आ मध्ये ‘सहमत’ लिहून अडकतो. ज्याला गोष्ट कळली आहे तो लिहितो: ‘असहमत. सभासद महाराजांच्या दरबारातला होता. वीस वर्षांनी, राज्य संकटात असतानाही त्याला हा प्रसंग असामान्य वाटतो, त्यामुळे त्या पिढीतल्या निदान दरबारी लोकांना त्याचं मोल काय वाटत होतं, ते यातून कळतं.’ ‘निदान दरबारी लोकांना’ ही मर्यादा एखाद्यानं आपण होऊन घातली तर ते उत्तर फारच चांगलं. तीच वीस वर्षं अ मध्ये अडचण होती, आ मध्ये पुराव्याचा भाग झाली.

दोन विधानांच्या जोडीचा फायदा हा. एकटा प्रश्न सूत्रानं सुटतो, जोडी सूत्रानं सुटत नाही. कुठल्याही धड्यावर असे प्रश्न काढायचे झाले तर आधी जोडी सापडते का ते पाहावं: एकाच साधनाला विचारलेला एक प्रश्न ज्यात ते कमी पडतं, आणि दुसरा ज्यात ते उपयोगी ठरतं.

ऑक्झिंडेनचा उतारा मग कशाला? ताडून पाहण्यासाठी. त्याच्यावर तिसरा प्रश्न बेतता येतो: तराजू दरबारात होता हे आणि तराजू न्यायाचं चिन्ह होता हे, या दोन्ही गोष्टींसाठी त्याच्यावर सारखंच विसंबता येईल का? पहिली त्यानं डोळ्यांनी पाहिली. दुसरा त्यानं लावलेला अर्थ आहे. तो परका होता, दरबारची भाषा आणि रीत त्याची नव्हती. अर्थ बरोबरही असू शकेल, पण त्याला दुजोरा दुसऱ्या साधनातून हवा. आठवी-नववीच्या मुलांना हा फरक जमतो, फक्त तो कुणी विचारायला हवा.

कागद तयार करताना

उतारा ६० ते १०० शब्दांचा ठेवावा. त्याहून लांब झाला की इतिहासाऐवजी वाचनाचा वेग मोजला जातो. बखरीची भाषा जुनी असते, म्हणून अवघड शब्दांचे अर्थ समासात द्यावेत आणि उतारा सोपा केला असेल तर ‘भाषा सोपी केली आहे’ असं स्पष्ट छापावं. मूळचं एखादं वाक्य मात्र तसंच ठेवावं. साधनाखालच्या ओळीत कुणी, कधी, कुठे, कुणासाठी या चार गोष्टी असाव्यात, पण त्यांचा निष्कर्ष नसावा. ‘सभासदानं वीस वर्षांनी लिहिली’ असं छापलं की हिशेब आपणच करून दिला. ‘सुमारे १६९४, जिंजी’ एवढंच लिहावं. वजाबाकी मुलांनी करायची आहे. ‘ऑक्झिंडेन परका असल्यानं’ असं छापलं तर मग विचारायला काही उरतच नाही.

एका विधानाला सात ते दहा मिनिटं पुरतात. म्हणून हा प्रश्न तासाच्या शेवटी सहज घेता येतो आणि त्याच आठवड्यात तपासूनही होतो. अमेरिकेतच हायस्कूलच्या वरच्या वर्गांसाठी याहून मोठी परीक्षा आहे, ज्यात सात कागद देऊन एका तासात निबंध लिहायचा असतो. तिची जागा वेगळी आहे. पण तिथे कमी गुण पडले तर मूल कशात अडलं हे सांगणं कठीण जातं: वाचनात, निबंधाच्या मांडणीत, की साधन पारखण्यात? छोट्या प्रश्नात अडचण एकच असते, ती दिसते आणि उद्याच्या तासाला तीवर काम करता येतं.

प्रश्न वर्गात देण्याआधी चार-पाच मुलांना एकेक करून बसवावं आणि मोठ्यानं बोलत सोडवायला सांगावं, जसं १९९१ च्या अभ्यासात केलं होतं. इथे दोन प्रकारच्या चुका उघड होतात. एक, मूल साधनाकडे न बघताच बरोबर उत्तर देतं, कारण ते धड्यात आलेलं आहे. मग तो प्रश्न पुन्हा पाठांतराचाच झाला. दोन, मूल विचार अगदी बरोबर करतं पण ‘मण’ किंवा ‘वकील’ या शब्दाशी अडतं. इथला वकील म्हणजे राजदूत, कोर्टातला नव्हे, हे समासात लिहिलेलं नसलं तर चूक आपली. ‘मण’ म्हणजे किती, हेही प्रदेशागणिक बदलत होतं. मुलं किलोत हिशेब करत बसली तर वेळ तिथेच जातो, म्हणून ‘वजनाचं जुनं माप’ एवढंच सांगावं.

शब्दयोजना आणखी एका कारणासाठी जपावी लागते. महाराजांशी संबंधित साधनावर ‘हे खरं आहे का?’ असं विचारलं की काही मुलांना ते श्रद्धेवर बोट ठेवल्यासारखं वाटतं. ती विचार थांबवतात आणि बाजू घेतात. ‘अमुक गोष्ट ठरवायला हे साधन पुरेसं आहे का?’ असं विचारलं की लक्ष पुराव्यावर राहतं. हा नुसता सावधपणा नाही, इतिहासकारही कागदाला असंच विचारतो. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली. बखरींतली हकिकत समकालीन पत्रांशी ताडून पाहताना बखरीत काय सापडतं आणि काय सापडत नाही, हेच त्यांनी पाहिलं.

तपासताना

मोकळ्या उत्तरांवरची नेहमीची तक्रार अशी की एक शिक्षक दोन गुण देतो, दुसरा शून्य. त्यावर उपाय आहे, पण त्याला तासभर लागतो. आधी पंधरा-वीस उत्तरपत्रिका निवडाव्यात, नावं झाकावीत, आणि दोन शिक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासाव्यात. मग जिथे फरक पडला तेवढ्याच समोर ठेवून बोलावं. जवळजवळ नेहमी भांडण मधल्या आणि वरच्या पायरीच्या सीमेवर होतं. ‘बखर नंतर लिहिली म्हणून आकडा चुकीचा असू शकतो’, याला मधली पायरी की वरची? ‘नंतर’ आणि ‘चुकीचा असू शकतो’ यांच्यामध्ये कारण आलं नाही, म्हणून मधली. ‘बखर वीस वर्षांनी लिहिली, तोवर आकडा आठवणीत वाढलेला असू शकतो’, इथे कारण आलं, म्हणून वरची. अशी दोन-तीन खरी उत्तरं गुणदान-पट्टीच्या शेजारी चिकटवून ठेवावीत. नुसत्या व्याख्येपेक्षा त्यांचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

शुद्धलेखन, अक्षर, वाक्यरचना यांचे गुण इथे कापू नयेत. ‘सहमत’ की ‘असहमत’ यालाही स्वतंत्र गुण नसावा, नाहीतर पन्नास टक्के शक्यता असलेला अंदाज गुण मिळवून जातो. आणि मुलानं ‘सहमत’ लिहून असहमतीचं नेमकं कारण दिलं असेल तर कारण वाचावं. घाईत चुकीच्या शब्दाभोवती गोल करणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून एक नवी अडचण सुरू होते. मुलांना कळतं की इथे ‘पक्षपाती’ हा शब्द लिहिला की काहीतरी मिळतं. मग प्रत्येक उत्तरात तो येतो: ऑक्झिंडेन पक्षपाती, सभासद पक्षपाती, चित्रकार पक्षपाती. या शब्दाला एकट्याला शून्य गुण द्यावेत आणि समासात एवढंच लिहावं: कोणत्या गोष्टीबद्दल, आणि का? ऑक्झिंडेनला कंपनीचा करार हवा होता हे खरं. पण त्यासाठी मत्स्यमुखांना दात होते असं खोटं लिहिण्यात त्याचा काय फायदा होता, हे मुलाला विचारून पाहावं. पुढच्या वेळी तो शब्द लिहिण्याआधी मूल थोडं थांबतं, आणि उत्तरपत्रिकेत खाडाखोड दिसू लागते.